काचबिंदू: १८ चं प्रेशर आणि शेवटची ओळ, एवढ्यावर विसंबता का येत नाही

प्रश्न: "वय ४६. चष्म्याचा नंबर तपासायला गेलो होतो. हवेचा झोत मारून प्रेशर मोजलं, उजव्या डोळ्यात १८, डाव्यात १९. चष्मा लावून तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, दुखणं-खुपणं काही नाही. तरी डॉक्टर म्हणाले, नस खोलगट दिसतेय, काचबिंदूच्या सगळ्या तपासण्या करून घ्या. आईला काचबिंदू होता. एवढी घाई आहे का? पुढच्या वर्षी केलं तर चालेल?"

पुढच्या वर्षावर ढकलू नका. आज रात्रीच धावत सुटावं असंही काही नाही, पण येत्या काही आठवड्यांत उरकून घ्या. आईचा काचबिंदू आणि खोलगट दिसणारी नस, या दोन गोष्टी एकत्र आल्या की तुमचे दोन्ही 'नॉर्मल' फारसे कामाचे राहत नाहीत. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, काचबिंदूच्या विभागात फील्ड टेस्ट, म्हणजे समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं याची तपासणी, घेणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. निदान अर्थातच तुमचे डॉक्टर करतील.

आधी नजरेचं बघू. तक्त्यावरची अक्षरं आपण डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या अगदी मधल्या छोट्या भागाने वाचतो. काचबिंदू तिथे बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी पोचतो. या पडद्यावरून साधारण दहा-बारा लाख तंतू गोळा होऊन नस बनते आणि मेंदूकडे जाते. त्यातले जे तंतू मध्यभागाला वळसा घालून वरून आणि खालून येतात, ते बहुतेकांत आधी मरतात. म्हणून दृष्टीतला तुकडा कमानीसारखा जातो, तोही बऱ्याचदा नाकाच्या बाजूने. तिथे काळं काही दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं चित्र पसरवून ती जागा भरून टाकतो, शिवाय एका डोळ्यात जे नाही ते दुसऱ्यात बहुधा असतं. त्यामुळे नस बरीच खराब होऊनही माणूस पेपर वाचतो, सुईत दोरा ओवतो. यंत्रावरच्या फील्ड टेस्टमध्येसुद्धा दोष उमटेपर्यंत पडद्यावरच्या संबंधित पेशींपैकी पाव ते एक तृतीयांश आधीच गेलेल्या असू शकतात. आणि गेलेला तंतू परत येत नाही, औषधाने नाही, ऑपरेशननेही नाही. हा मोतीबिंदू नव्हे, की पिकल्यावर काढला आणि लख्ख दिसायला लागलं.

आता प्रेशर. डोळ्याच्या आत एक पातळ द्रव सतत तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या कोनातल्या जाळीतून बाहेर जातो. बाहेर जाण्याची वाट अडली की आतला दाब वाढतो. त्याचा मार बसतो तो नस जिथून डोळ्याबाहेर पडते तिथे. ती जागा चाळणीसारखी आहे, तंतूंचे जुडगे तिच्या भोकांतून जातात. दाबाने चाळणी मागे रेटली जाते, वाकते, आणि तंतू तिथे चिमटतात. त्यांच्यातून चालणारी ने-आण बंद पडते, रक्तपुरवठ्यावरही ताण येतो. नसेच्या तोंडाशी मुळातच एक खळगा असतो. तंतू मरत गेले की त्याच्या कडा झिजतात आणि खळगा रुंद होत जातो. 'नस खोलगट' म्हणजे हेच.

मात्र किती दाबाला चाळणी वाकेल ते प्रत्येक डोळ्यात वेगळं. '२१ पर्यंत नॉर्मल' म्हणतात, पण २१ ही निसर्गाने आखलेली रेघ नाही. पुष्कळ लोकांची प्रेशर मोजून, बहुतेक जण ज्याच्या आत बसले, तो तो आकडा. बाल्टिमोरमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष १९९१ मध्ये आले, काचबिंदू असलेल्या डोळ्यांपैकी निम्म्याहून जास्त डोळ्यांचं तपासणीच्या वेळचं प्रेशर २२ च्या आत होतं. उलट कुणाचं २५ असूनही नस वर्षानुवर्षं धडधाकट असते. म्हणून नुसता हवेचा झोत मारून 'काचबिंदू नाही' असं सांगणाऱ्या शिबिरांवर माझा अजिबात भरवसा नाही. बाहुली मोठी करून नस बघितलीच नाही, तर ती काचबिंदूची तपासणी झालीच नाही.

एक उदाहरण सांगते, आमच्याकडे नेहमी दिसणाऱ्या चित्रासारखंच आहे. पन्नाशीतल्या बाई, मोठ्या भावाला काचबिंदू निघाला म्हणून केवळ त्याच्या आग्रहाखातर आलेल्या. तक्रार काही नाही. प्रेशर उजव्यात १७, डाव्यात १८. मग डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे पारपटलाची, जाडी मोजली. ती सर्वसाधारणपणे ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, यांची निघाली ४९२. प्रेशरची यंत्रं पारपटल दाबून बघतात, आणि पातळ पारपटल सहज दबतं, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. (इतके मायक्रॉन कमी तर इतकं प्रेशर वाढवून धरा, अशी कोष्टकं फिरत असतात. ती एकेका माणसाला विश्वासाने लावता येत नाहीत. पातळ आहे, म्हणून सावध, एवढंच.) मग दिवसात वेगवेगळ्या वेळी प्रेशर मोजलं. डावा डोळा सकाळी लवकर २३, दुपारी १८. म्हणजे पहिल्या दिवशी आम्ही त्यांना दिवसातल्या बऱ्या वेळी गाठलं होतं.

नस बघितल्यावर चित्र स्पष्ट झालं. उजवीकडे खळगा नसेच्या तोंडाच्या साधारण निम्मा, डावीकडे पाऊण. दोन डोळ्यांत एवढा फरक सहसा नसतो. डावीकडे खालच्या कडेला खाच पडलेली, आणि कडेलाच रेघेएवढा रक्ताचा ठिपका. हा ठिपका काही आठवड्यांत विरून जातो, पण दिसला तर नस अजून झिजते आहे असा संशय घ्यायचा. ओसीटीत, म्हणजे तंतूंच्या थराची जाडी मोजणाऱ्या स्कॅनमध्ये, हा थर नेमका खालच्याच बाजूला पातळ. डोळ्यात चित्र उलटं पडतं, म्हणून खालचे तंतू गेले तर वरचं दिसणं जायला हवं. फील्ड टेस्टमध्ये तसंच निघालं: डाव्या डोळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात, नाकाच्या बाजूला कमानीसारखा डाग. नस, ओसीटी आणि फील्ड एकाच जागेकडे बोट दाखवतात, तेव्हा निदान पक्कं होतं. एकटी कुठलीही तपासणी फसवू शकते.

बाई म्हणाल्या, "अहो, पण मला तर सगळं दिसतंय." मी त्यांचा उजवा डोळा झाकला, डाव्या डोळ्याने माझ्या नाकाकडे बघायला लावलं आणि लाल टोपणाचं पेन वर, त्यांच्या नाकाच्या बाजूला धरलं. "टोपण कुठल्या रंगाचं?" "मळकट... राखाडी असेल." तेच पेन खाली आणल्याबरोबर म्हणाल्या, "अगंबाई, लाल आहे की!" ही घरी करायची तपासणी नव्हे बरं का. घरी डोळे झाकून बघाल तर बहुतेक सगळं छानच वाटेल आणि उगीच निश्चिंत व्हाल.

त्यांना रोज रात्री एक थेंब सुरू झाला, द्रव बाहेर जाण्याची वाट सुधारणारा. उद्दिष्ट होतं प्रेशर सुमारे ३० टक्के खाली आणायचं. २० ची सरासरी धरली तर १४ च्या आसपास. हा ३० टक्के हवेतून आलेला नाही. ज्यांचं प्रेशर 'नॉर्मल' असूनही काचबिंदू आहे, अशांवरच्या १९९८ च्या अभ्यासात, इतकं प्रेशर उतरवलेल्या डोळ्यांपैकी १२ टक्के पुढे बिघडले, उपचार न केलेल्यांपैकी ३५ टक्के. म्हणजे थेंबांनी खात्री मिळत नाही, पण पारडं बरंच झुकतं. सहा आठवड्यांनी बाईंचं प्रेशर १४ वर आलं. डोळे थोडे लाल झाले, पापण्या लांब झाल्या, दिसण्यात सुधारणा शून्य. थेंब सोडून देणारे लोक इथेच फसतात: त्रास नव्हता, फायदा जाणवत नाही, वर लाली. पण हा थेंब गेलेलं परत आणायला नसतो, उरलेलं राखायला असतो.

आता तुमच्यापुरतं. नस खोलगट असणं म्हणजे काचबिंदूच, असंही नाही. काहींच्या नसेचं तोंडच जन्मतः मोठं, त्यात खळगाही मोठा, आणि कडा छान जाड. चष्म्याचा मायनस नंबर जास्त असेल तर ओसीटीचा रिपोर्ट निष्कारण लाल रंगाने भरतो, कारण यंत्र तुमची तुलना वेगळ्या घडणीच्या डोळ्यांशी करतं. तेव्हा रिपोर्ट हातात पडला की लाल रंग बघून घाबरू नका, आणि सगळं हिरवं बघून परस्पर फाईल बंदही करू नका. सगळं ठीक निघालं तरी नसेचा फोटो आणि ओसीटी जपून ठेवा. काही वर्षांनी 'बदललं का?' हे ठरवायला तेच लागतं.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक, कोन बघितला का? छोटी आरसेवाली भिंग डोळ्याला टेकवून तो बघतात, आणि ते बाहुली मोठी करण्याआधी व्हायला हवं. कोन अरुंद असलेला काचबिंदू वेगळा, त्यावरचे उपचारही वेगळे. त्याचा झटका आला तर डोळा भयंकर दुखतो, लाल होतो, दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात, उलट्या होतात. तसं झालं तर त्याच तासाला दवाखाना गाठायचा. पण हा प्रकारही बरेचदा गुपचूपच वाढतो. दोन, तुम्ही स्टेरॉइड घेत असाल तर न विचारताच सांगा, डोळ्याचे थेंब, दम्याचा पंप, त्वचेचं मलम, काहीही असो. काही लोकांत त्याने प्रेशर चढतं. दमा असेल तर तेही सांगा, काचबिंदूचे काही थेंब दम्यात चालत नाहीत.

फील्ड टेस्टबद्दल एक खास सूचना, कारण अर्धे लोक रडवेले होऊन बाहेर येतात. यंत्र मुद्दाम दिवे मंद करत नेतं, तुम्हाला जेमतेम दिसतील-न दिसतील इतके. निरोगी माणसाचेही बरेच दिवे चुकतात, तसंच अपेक्षित आहे. मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही, दिवे शोधत फिरायचं नाही. बटण दाबताना पापणी मिटायची. दमलात तर बहुतेक यंत्रांवर बटण दाबून धरलं की टेस्ट थांबते, नाहीतर सरळ सांगा. पहिली टेस्ट खराब येणं अगदी नेहमीचं, त्यावर निदान ठोकत नाहीत, पुन्हा घेतात. वरच्या बाईंचीही पहिली वायाच गेली होती.

आणि फील्ड टेस्ट बाहुली मोठी करण्याआधी उरकून घ्या. थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही, तेव्हा त्या दिवशी गाडी स्वतः चालवत जाऊ नका. सोबत भावंडांपैकी कुणाला नेता आलं तर उत्तमच. आईचा काचबिंदू त्यांच्याही वाट्याला येऊ शकतो, त्यांचीही नस त्याच दिवशी बघून होईल.