मॅडमचा प्रश्न मला सांगितलास, मग मेलमध्ये का नाही?

ताई, काल एका कंपनीत कस्टमर सपोर्टच्या टीम लीड पोस्टसाठी इंटरव्ह्यू झाला. तिघं होते, सपोर्ट मॅनेजर मॅडम, तिथलाच एक सीनियर टीम लीड आणि एचआर. काम आणि माणसं, दोन्ही मला खरंच आवडली. आता थँक्यू मेल लिहायला बसलेय तर सगळं नेटवरच्या टेम्प्लेटसारखंच उतरतंय, "आपला मौल्यवान वेळ दिल्याबद्दल आभार, माझी कौशल्यं आपल्या संस्थेच्या ध्येयांशी जुळतात" वगैरे. माझं मलाच खोटं वाटतंय. तिघांना एकच मेल टाकू का? आणि अजून एक. मॅडमनी विचारलं होतं की आमच्याकडे बंद केलेल्या तक्रारी आठवडाभरात परत उघडतात, तू काय करशील? मी पटकन "टीमला ट्रेनिंग देईन" म्हणून मोकळी झाले, रात्री वाटलं फारच वरवरचं बोलले. हे मेलमध्ये काढू की विसरून जाऊ?
— सेंडवर बोट ठेवून बसलेली

अगं, विसरून काय जातेस, तोच तर तुझा मेल आहे! जे शेवटी "अजून एक" म्हणून घाबरत घाबरत लिहिलंस ना, त्या चार ओळींत तू जशी बोलतेस तशी दिसतेस, आणि वरच्या कोट केलेल्या वाक्यात कुणीच दिसत नाही.

तुला वाटतंय की शब्द चुकतायत, म्हणून तू अजून चांगले शब्द शोधतेयस. "मौल्यवान" काढून "बहुमूल्य" घातलंस तरी काही फरक पडणार नाही, कारण त्या वाक्याच्या पोटात काही नाहीच. एक सोपी परीक्षा सांगते, ड्राफ्टमधलं एकेक वाक्य उचल आणि विचार कर की दुसऱ्याच कुठल्या कंपनीत अकाउंट्सच्या जागेसाठी इंटरव्ह्यू देऊन आलेल्या माणसाला हे वाक्य जसंच्या तसं पाठवता येईल का? येत असेल तर ते वाक्य तुझं नाही, काढून टाक. तुझ्या ड्राफ्टमधली दोन्ही वाक्यं इथेच गळतात बघ. "ध्येयांशी जुळतात" म्हणजे कुठली ध्येयं, कालच्या बोलण्यात कुणी ध्येय काढलं तरी होतं का?

आता मेलची विंडो बंद कर आणि फोनच्या नोट्समध्ये ओबडधोबड भाषेत तीन गोष्टी लिही. त्या खोलीत गेल्यावरच कळली, वेबसाइट वाचून कळली नसती अशी गोष्ट कुठली? ते लोक कुठल्या प्रश्नावर सगळ्यात जास्त रेंगाळले? आणि बाहेर पडल्यावर तुझ्या डोक्यात काय फिरत राहिलं? हे खरं तर इंटरव्ह्यू झाल्या झाल्याच लिहून ठेवायचं असतं, कारण एक रात्र गेली की आपल्याला आपलीच उत्तरं आठवत राहतात, समोरचे काय बोलले ते पुसट होतं. पण तुला एक प्रश्न स्पष्ट आठवतोय आणि तिन्हीचं उत्तर तोच आहे, म्हणजे काम झालं.

आता त्या प्रश्नाकडे जरा नीट बघू, कारण मेल खरा वाटायला विचार खरा लागतो. "ट्रेनिंग देईन" हे वरवरचं का वाटलं तुला? कारण त्यात आपण धरूनच चालतो की टीमला काम येत नाही. पण तक्रार परत उघडायला कारणं बरीच असतात. बंद केलेल्या तक्रारींच्या आकड्यावर टार्गेट असेल तर माणसं घाईने बंद करतात, त्यांना सगळं येत असतं तरी. कधी उत्तर अगदी बरोबर दिलेलं असतं, "पैसे परत येतील" असं, पण पैसे परत करायचं काम दुसऱ्या डिपार्टमेंटचं, आणि ते झालेलंच नसतं. कधी कस्टमरने दोन-तीन दिवस रिप्लाय दिला नाही म्हणून सिस्टिमच तक्रार बंद करून टाकते. आणि कधी तर कस्टमर वेगळाच प्रश्न जुन्या मेलला रिप्लाय करून विचारतो, ते पण "परत उघडली" मध्ये मोजलं जातं. यातलं नेमकं काय चाललंय ते कळल्याशिवाय ट्रेनिंग कशाचं देणार? रात्री तुला टोचत होतं ते हेच असावं, असा माझा अंदाज. नसेल तर तुझं जे काही असेल ते घे, माझं उसनं घेऊ नकोस, सेकंड राउंडला मॅडम त्यावरच विचारतील तेव्हा पंचाईत होईल.

यातलं सगळं मेलमध्ये कोंबायचं नाही हं. एकच धागा घ्यायचा. मी मराठीत लिहून दाखवते, तू ज्या भाषेत काल बोललीस त्या भाषेत लिही:

"सब्जेक्ट: कालचा टीम लीड इंटरव्ह्यू, परत उघडणाऱ्या तक्रारींबद्दल

नमस्कार मॅडम,

काल इतकं सविस्तर बोललात त्याबद्दल थँक्यू. परत उघडणाऱ्या तक्रारींचा तुमचा प्रश्न घरी आल्यावरही डोक्यात होता. मी ट्रेनिंग म्हटलं होतं, पण आता वाटतं की त्याच्या आधी मी अशा पन्नासेक तक्रारी स्वतः वाचून काढेन आणि दोन ढीग करेन: उत्तरच चुकलेल्या, आणि उत्तर बरोबर असून पुढचं काम अडकलेल्या. दुसरा ढीग मोठा निघाला तर ट्रेनिंगने फारसा फरक पडणार नाही.

या प्रश्नावर तुमच्या टीमबरोबर काम करायला मला आवडेल. माझ्याकडून अजून काही हवं असेल तर जरूर कळवा."

खाली नाव आणि फोन नंबर, बास. स्क्रोल न करता फोनवर वाचून होईल एवढाच.

यात काय नाही ते पण बघ. "सॉरी, काल मी नीट उत्तर देऊ शकले नाही" असं नाही, कारण मॅडमना कदाचित ते उत्तर ठीकच वाटलं असेल, आपण होऊन त्याला चुकीचं का ठरवायचं? "मी म्हटलं होतं, आता असं वाटतं" एवढ्यात भागतं. दुसरं म्हणजे "तुमच्याकडे टार्गेटमुळे असं होत असणार" असा निकाल दिलेला नाही, तासाभराच्या गप्पांवरून त्यांच्या घरातला दोष सांगायला गेलीस तर बरोबर असलीस तरी खटकेल. म्हणून "मी काय बघेन" एवढंच लिहायचं. आणि "मीच या पदासाठी योग्य उमेदवार आहे" तर अजिबात नाही, ते ठरवायलाच तिघं बसले होते. शिवाय असं उत्तर सुधारायचं ते एकच आणि दोन-तीन वाक्यांत मावणारं. दुसरं उत्तर पण सुधारायला घेतलंस की वाचणारा तुझ्या चुका मोजायला लागतो, आणि सोबत तीन पानांचा प्लॅन जोडलास तर तो बिचारा उघडणार पण नाही.

टेम्प्लेट टाळायच्या नादात काही जण दुसऱ्या टोकाला जातात ते पण सांगते. "तुमच्या टेबलवरचा फॅमिली फोटो किती छान होता" असलं काही लिहू नकोस, खास वाटण्याऐवजी विचित्र वाटतं. आणि बोलण्याच्या ओघात मॅडम काही आतलं बोलून गेल्या असतील, आधीचा लीड का गेला, वरच्या साहेबांशी काय वाजलं वगैरे, तर ते कितीही "खास तुमच्यातलं" असलं तरी लिहायचं नाही. हे मेल फॉरवर्ड होतात, कधी एचआरच्या फाइलला लागतात, आणि तुझ्यामुळे मॅडम अडचणीत आल्या तर संपलंच.

तिघांना एकच मेल, फक्त नाव बदलून? नको गं. ते एकमेकांशी तुझ्याबद्दल बोलणारच आहेत, आणि दोघांच्या इनबॉक्समध्ये तेच वाक्य निघालं की मॅडमना लिहिलेलं खरंखुरं पण छापील ठरतं. त्या सीनियर लीडने काय विचारलं ते तू मला लिहिलंच नाहीस, तर त्याच्यासाठी परत नोट्स उघड, त्याच्या बोलण्यातली एक गोष्ट पकड, शिफ्ट बदलताना काम कसं सोपवतात असं काहीही चालेल, आणि तीन-चार ओळी लिही. अगदीच काही आठवत नसेल तर ओढून ताणून शोधू नकोस, मॅडमच्या मेलमध्येच त्यालाही घे आणि सुरुवात "नमस्कार" करून दोघांची नावं घाल. एचआरला दोन ओळी पुरतात, सगळं नीट अरेंज केलंत, वेळेत कळवत होतात, थँक्यू. तिथे कुठला विचार-बिचार मांडायची गरज नाही.

पत्ते इंटरव्ह्यूच्या कॅलेंडर इन्व्हाइटमध्ये सापडतील. नसतील तर नाव-आडनाव जोडून अंदाजाने आयडी बनवत बसू नकोस, एचआरला मेल करून "हे मॅडमपर्यंत पोचवाल का" असं विचार. नावाचं स्पेलिंग इन्व्हाइटमधूनच कॉपी कर, इतकं मन लावून लिहिलेल्या मेलमध्ये नावच चुकलं तर काय उपयोग.

वेळेचं म्हणशील तर आजच, ऑफिसच्या वेळेत पाठव. साधारण चोवीस तासांच्या आत गेलेला बरा, कारण पुष्कळ ठिकाणी पॅनेल आपला फीडबॅक त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी भरून टाकतं. बरं झालं काल गेटबाहेर पडताच नाही पाठवलास, तो आधीच लिहून ठेवलेला वाटतो, आणि असतो पण. अजून दोन दिवस गेले असते तरी पाठव म्हटलं असतं, फक्त उशिराची कारणं न देता.

आणि स्पष्टच सांगते, त्यांचं "नाही" ठरलं असेल तर या मेलने ते "हो" होणार नाही. दोन जण बरोबरीत असतील आणि चर्चा अजून चालू असेल तर मात्र हा मेल तिथे बोलायला एक मुद्दा देतो, की ही मुलगी घरी जाऊनही आपल्या प्रश्नाचा विचार करत होती.

रिप्लाय आला नाही तर लगेच वाईट अर्थ काढू नकोस, निर्णय व्हायच्या आधी कुणाला काही सूचित होऊ नये म्हणून बरेच इंटरव्ह्यू घेणारे मुद्दामच गप्प राहतात. त्यांनी कळवायची तारीख सांगितली असेल तर ती उलटून दोन-तीन कामाचे दिवस जाऊ देत, मग एचआरला एका ओळीत विचार, मॅडमना नाही.