नॉमिनी बायको आहे, मग मृत्युपत्र कशाला?

प्रश्न: वय ५८, राहणार सातारा. फ्लॅट माझ्या एकट्याच्या नावावर, किंमत साधारण ८० लाख. बँकेत २४ लाखांच्या ठेवी. दोन्हीकडे नॉमिनी बायकोच आहे. मुलगा-मुलगी आपापल्या मार्गाला लागलेत. वडील नाहीत, आई (८२) आमच्याकडे असते. एक भाऊ, एक बहीण आहे. माझ्यानंतर सगळं बायकोलाच जाणार, तर मृत्युपत्राच्या भानगडीत कशाला पडू?

उत्तर: सगळं त्यांना जाणार नाही. नॉमिनीला वस्तू हातात मिळते, मालकी मिळत नाही. बँक ठेवीचे पैसे तुमच्या पत्नीला देईल, सोसायटी त्यांना तात्पुरतं सभासद करून घेईल, पण हे सगळं वारसांच्या वतीने. शेअर्स आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्याचं मात्र वेगळं आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी म्हणून पत्नी, मुलं किंवा आईवडील असतील, तर ते पैसे त्यांचेच होतात.

तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरून पुढचं लिहितो. (गोव्यातल्या वाचकांनी हे आपल्याला लावू नये, तिथे निम्मी मालमत्ता कायद्यानेच ठरावीक वारसांसाठी राखीव असते.) मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई या चौघांना समान वाटा. म्हणजे फ्लॅटमध्ये प्रत्येकी २० लाख, ठेवींत प्रत्येकी ६ लाख. मुलीचं लग्न झालेलं असलं तरी तिचा वाटा कमी होत नाही.

खरी गुंतागुंत पुढे आहे. आईंच्या नावावर आलेला चौथा हिस्सा त्यांच्या पश्चात, त्यांचंही मृत्युपत्र नसेल तर, त्यांच्या वारसांत वाटला जाईल: तुमचा भाऊ, तुमची बहीण आणि तुमच्या जागी तुमची दोन मुलं. तीन भाग झाले. म्हणजे भावाकडे आणि बहिणीकडे तुमच्या फ्लॅटचा प्रत्येकी बारावा हिस्सा गेला, आजच्या भावाने ६ लाख ६७ हजारांच्या आसपास. पत्नीला पुढे फ्लॅट विकायचा झाला तर खरेदीदाराची बँक या सगळ्यांच्या सह्या मागणार. हक्कसोडपत्राने सुटका होते, पण ते नोंदणीकृत लागतं आणि प्रत्येकाच्या मर्जीवर असतं. दरम्यान भाऊ वारला, तर त्याच्या वाट्यासाठी त्याची बायको-मुलं उभी राहतील, आणि त्यांत कोणी अज्ञान असेल तर न्यायालयाची परवानगी आली. कोणाची नियत वाईट असायची गरजच नाही.

मृत्युपत्राने तुम्ही स्वतःच्या कमाईचा फ्लॅट आणि ठेवी हव्या त्याला देऊ शकता. माझा सल्ला असा: फ्लॅट पत्नीला पूर्ण मालकीने द्या, आईंना हयातभर तिथे राहण्याचा हक्क लिहा आणि त्यांच्या औषधपाण्यासाठी ठेवींतली ठरावीक रक्कम. आईंना पूर्ण वगळता येतं, पण अवलंबून असलेली आई पोटगीसाठी मालमत्तेवर दावा करू शकते. तेव्हा तरतूद करून ठेवलेली बरी. ‘पत्नीला हयातभर, नंतर मुलांना’ असं बरेच जण लिहितात. मला ते पटत नाही, कारण मग अडीअडचणीला पत्नीला फ्लॅट विकता येत नाही. पत्नी तुमच्या आधी गेली तर फ्लॅट कोणाला, हे मात्र लिहाच. नाहीतर तो पुन्हा वारसा कायद्याच्या वाटणीत जाईल.

गावाकडे सामाईक सातबारा असेल तर तिथे फक्त तुमचा हिस्सा देता येतो. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत तुमच्या मुलामुलीचे जन्मसिद्ध हिस्से आहेत, त्यांना मृत्युपत्राने हात लावता येत नाही. वडिलांनी स्वतः घेतलेली जमीन वारसाने आली असेल, तर तुमचा वाटा सर्वस्वी तुमचाच. म्हणून आधी जुने फेरफार काढून जमीन कशी आली ते पाहा.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही. सक्तीचे आहेत दोन साक्षीदार. तुम्ही सही करताना दोघांनी पाहायचं आणि तुमच्यासमोर सही करायची. मजकूर त्यांनी वाचायची गरज नाही. इथेच बहुतेक मृत्युपत्रं अडतात. साक्षीदार घरी नंतर सही करून पाठवतो, किंवा दोघेही तुमच्याच वयाचे निघतात आणि कोर्टात उभं राहायला कोणी उरत नाही. तुमच्यापेक्षा लहान, गावातलीच आणि ज्यांना काही मिळणार नाही अशी माणसं घ्या. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी कराच असं मी सांगेन, आणि त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. नंतर मन बदललं तर नवं मृत्युपत्र करा. शेवटचं तेच खरं, आधीचं नोंदणीकृत असलं तरी. त्यात ‘आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ हे वाक्य विसरू नका.