प्लगची एकच पिन का जळते?

प्रश्न : हिवाळ्यात पाण्यात हिटर रॉड लावला का अर्ध्या घंट्यात प्लगचा टॉप इतका गरम होते का हात ठेवता येत नाई. त्याच सॉकेटात टीव्ही लावा, कूलर लावा, काईच होत नाई. रॉड खराब असन का? (दारव्हा तालुका)

रॉडला दोष देऊ नका, सॉकेटाची पकड गेली आहे. सॉकेटाच्या भोकात पितळेच्या पत्त्या असतात, त्या पिनेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. वर्षानुवर्षं प्लग काढून-घालून, वायर धरून ओढून ओढून त्या फाकतात. मग पिन भोकात बसलेली दिसते, पण पत्तीला टेकते ती एखाद्या ठिपक्यापुरती. सगळा करंट त्या ठिपक्यातून जातो आणि तिथेच उष्णता होते.

ही उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, खरी गोम इथे आहे. तुमचा रॉड २००० वॉटचा धरू. २३० व्होल्टवर तो सुमारे ८.७ अँपिअर घेतो. ढिल्या जोडाचा रोध ०.३ ओहम झाला, तर त्या जोडावर जवळपास २३ वॉट उष्णता होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची सोल्डरिंग इस्त्री २५ वॉटची असते. म्हणजे तेवढी इस्त्री प्लास्टिकच्या डबीत कोंबून चालू ठेवल्यासारखंच झालं. त्याच सॉकेटात २०० वॉटचा कूलर लावला, तर करंट एक अँपिअरच्या आत राहतो आणि त्याच जोडावर पाव वॉटही उष्णता होत नाही. म्हणून उन्हाळाभर सॉकेट चांगलं वाटतं आणि रॉड निघाला की तक्रार सुरू होते.

शिवाय हे आपोआप बरं होत नाही, उलट वाढत जातं. पत्ती तापली की तिचा स्प्रिंगपणा जातो, पिनेवर काळपट थर चढतो, रोध आणखी वाढतो आणि पत्ती आणखी तापते. करकर आवाज येऊ लागला किंवा जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर तो प्लग त्या सॉकेटात पुन्हा घालू नका.

प्रश्न : पिन ढिली झाली का आमी माचिसची काडी खोचतो, नाईतं पेचकसानं पिन फाकवतो. चालते ना? (साकोली)

नाही चालत. काडीमुळे पिन एका बाजूला रेटली जाते, पत्तीत स्प्रिंगचा दाब परत येत नाही. आणि तापलेल्या जागी लाकूड ठेवणं म्हणजे तर कहरच. जुन्या पितळी पिनांना मधे चीर असते, ती फाकवली की दोन दिवस घट्ट वाटतं. पण फाकलेली पिन सॉकेटाच्या पत्त्यांना आणखी रुंद करते, मग दुसरा चांगला प्लगही त्यात ढिला बसतो.

प्रश्न : गिझरचा एवढा बोर्ड वितळला, पण एमसीबी काऊन पडली नाई? बोगस निघाली का? (हिंगणघाट)

बोगस नसेलही. एमसीबीला फक्त स्वतःतून जाणारा करंट कळतो. तुमचा गिझर ८–९ अँपिअर घेत होता, जोड ढिला असो की घट्ट, एमसीबीतून तेवढेच गेले. १६ अँपिअरच्या एमसीबीनं पडावं कशाला? बोर्डातलं प्लास्टिक तापलं, याची खबर तिला लागत नाही. आरसीसीबीही याला उपयोगी नाही, कारण करंट कुठे बाहेर गळत नव्हता. वितळून वितळून फेज आणि न्यूट्रल एकमेकांना टेकतील तेव्हाच एमसीबी पडेल, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

प्रश्न : दोन खेपा नवं सॉकेट बसवलं, वायरमननं पैसे घेतले, दोन महिन्यांत पुन्हा तेच. लोड जास्त आहे म्हन्ते तो. (अचलपूर)

जळालेला प्लग आणि सॉकेट फेकलं नसेल, तर हातात घेऊन पाहा. लोड जास्त असता, तर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतून सारखाच करंट जातो, म्हणून दोन्ही पिना सारख्या तापल्या असत्या आणि वायरही पूर्ण लांबीत मऊ पडली असती. एकच पिन काळी आणि दुसरी पितळेसारखी चकचकीत असेल, तर तो लोडचा दोष नाही, त्या एका जोडाचा आहे.

आता जळाल्याची जागा बघा. पुढून, पिनेच्या भोकाभोवती तपकिरी झालं असेल, तर पत्ती ढिली होती. मागून, वायर जिथे स्क्रूखाली जाते तिथे जळालं असेल, तर स्क्रू ढिला होता. प्लगच्या आत, पिनेच्या बुडाशी काळं असेल, तर प्लगमधला स्क्रू. तुमच्याकडे मला दोन शक्यता जास्त वाटतात. एक, सॉकेट नवं आलं पण प्लग तोच जुना, काळ्या खडबडीत पिनांचा. तो नव्या पत्त्याही खराब करतो, म्हणून सॉकेट आणि प्लग जोडीनंच बदलायचे. दुसरी, वायरचं टोक भाजून काळं झालेलं तसंच स्क्रूखाली दाबलं. अशा तांब्यावर कितीही आवळा, जोड चांगला लागत नाही. मेन बंद करून, लाल चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर मागे कापायची, सगळ्या तारा पिळून आत घालायच्या आणि स्क्रू आवळून वायर ओढून पाहायची. वायर तोकडी पडते म्हणून वायरमन हे टाळतात, तेव्हा समोर उभं राहून करून घ्या.

प्रश्न : घरघंटी, गिझर, इंडक्शन यासाठी कोनतं सॉकेट घ्यावं? दुकानदार म्हन्ते, सगळ्या पिना बसतील असं एकच घ्या. (वरोरा)

ते सगळ्या पिना बसणारं सॉकेट चार्जरपुरतं ठेवा. जितक्या जातीच्या पिना एका भोकात जातात, तितकी पत्तीची पकड एकाही पिनेवर नीट बसत नाही. आपल्याकडे मापं दोन : ६ अँपिअरच्या प्लगची पिन साधारण ५ मिलिमीटर जाड, १६ अँपिअरची ७ मिलिमीटर. ज्या वस्तूला कंपनीनं जाड पिनांचा प्लग दिला, ती १६ अँपिअरच्या सॉकेटातच जायला हवी. मधे बारीक पिनांचं कन्व्हर्टर लावलं, की सगळा करंट ६ अँपिअरच्या पिनांतून जातो. ६/१६ असं दुहेरी सॉकेट चालतं, पण एकाच सॉकेटात कधी जाड, कधी बारीक प्लग घालू नका. जाड पिनेनं फाकलेली पत्ती बारीक पिनेला धरत नाही.

घेताना आयएसआय खूण आणि आयएस १२९३ हा क्रमांक पाहा, आणि दुकानातच प्लग घालून बघा. घालताना जोर लागला पाहिजे आणि उलटं धरलं तरी प्लग लटकून राहिला पाहिजे.

पण फक्त सॉकेट बदलून भागत नाही. दिव्याच्या बोर्डातून एक चौरस मिलिमीटरची वायर ओढून त्यावर १६ अँपिअरचं सॉकेट ठोकलेलं मी बऱ्याच घरांत पाहतो. वरून पॉवर प्लग, आत दिव्याची वायर! मेन बोर्डापासून वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या, अंतर लांब असेल तर ४ ची, आणि अर्थिंगची वायर सोबत. गिझर रोज काढ-घाल करायची वस्तू नाही, तो डबल पोल स्विचवर कायमचा जोडला तर सॉकेटाचा प्रश्नच उरत नाही. घरघंटीचं मात्र वेगळं आहे. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलं की रॉडचा करंट कमी होतो, पण मोटरचा वाढतो, आणि सुरू होताना तर ती काही पट करंट खेचते. व्होल्टेज १८० च्या आसपास असेल, तर दळण सकाळी काढा.