६० हजार मैलांची वॉरंटी असलेले टायर ४५ हजारांतच संपले

प्रश्न: अमेरिकेत घेतलेल्या टायरवर ६० हजार मैलांची वॉरंटी होती, ४५ हजारांतच संपले. पैसे परत मिळतील का?

उत्तर: रोख सहसा नाही, नव्या टायरवर सूट मिळते. १५ हजार मैल कमी चालले म्हणजे २५ टक्के. १५० डॉलरच्या टायरवर साडेसदतीस. मात्र टायरच्या नक्षीची खोली झिजून २/३२ इंचच उरलेली हवी, तीही सगळीकडे सारखी. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा हवेचा दोष धरून दावा फेटाळतात. बरेच दावे अडतात ते रोटेशनच्या, म्हणजे टायरच्या जागा आपसांत बदलल्याच्या, पावत्यांवर: साधारण दर ५ ते ८ हजार मैलांना केल्याची, ओडोमीटरच्या आकड्यासह नोंद मागतात. घरी जॅक लावून केलेलं, पावती नसलेलं रोटेशन तिथे सहसा शून्य! खिळा, खड्डा यांसाठी रोड हॅझर्डची वॉरंटी वेगळी. अपघात, तोडफोड त्यात नाही.