आर म्हणजे गुंठा नव्हे

सातबाऱ्याचं क्षेत्र QGIS मधल्या नकाशाच्या क्षेत्राशी जुळत नसेल तर एकक तपास. सातबाऱ्यावर 1.20.50 दिसलं की ते हेक्टर, आर, चौरस मीटर असं वाच: 12,050 चौ.मी. गावात आरलाच सर्रास गुंठा म्हणतात, आणि तिथेच गफलत होते. आर 100 चौ.मी.चा, गुंठा 101.17चा, 40 गुंठ्यांचा एकर. मी एकदा हेच क्षेत्र 120.5 गुंठे धरून गुणलं. 12,191 आलं, अन् दिवसभर नकाशाच्या हद्दी तपासत बसलो!

म्हणून आधी तफावतीची टक्केवारी काढ. सगळ्या गटांत सारखीच 1.2 टक्के असेल तर एकक चुकलंय. 11-12 टक्के असेल तर `EPSG:3857` मध्ये `area($geometry)` काढलं असशील. पुण्याकडे `EPSG:32643` घे. एखाद्याच गटात फरक असेल तर पोटखराबा मिळवलास का ते बघ.