चौकोनी खोलीवर गोल घुमट कसा बसतो?

प्रश्न: चौकोनी खोलीवर गोल घुमट ठेवला तर कोपऱ्यांत खाली आधार काय असतो? पेंडेंटिव्ह आणि स्क्विंच यांत फरक काय? विजापूरच्या गोल घुमटात यातलं काय आहे?

उत्तर: खोली १० मीटर चौरस धरा. घुमटाचं वर्तुळ भिंतींना मध्यभागी टेकतं, पण कोपऱ्यापासून ते सुमारे २ मीटर लांब राहतं. तेवढी जागा खालून भरून काढायची, हा सगळा खटाटोप.

स्क्विंच म्हणजे कोपऱ्यात तिरपी टाकलेली कमान. चार कोपऱ्यांत चार कमानी टाकल्या की चौकोनाचा अष्टकोन होतो आणि ते अंतर साधारण ४१ सेंटिमीटरवर येतं. त्यावर सोळा कोन केले तर १० सेंटिमीटर. एवढं तर दगड थोडे पुढे काढूनही भागतं. इराणात फिरुझाबादला तिसऱ्या शतकातल्या ससानी राजवाड्यात हीच रीत आहे, दिल्लीच्या अलाई दरवाजातही (१३११). मात्र कमानीचे पाय भिंतीवरच येतात, म्हणून भिंत जाड आणि भक्कम लागते.

पेंडेंटिव्हसाठी नारळाची करवंटी पालथी घाला. चार बाजूंनी उभी कापून तिचा तळ चौकोनी करा, मग माथा आडवा उडवा. उरलेले चार वक्र त्रिकोण म्हणजे पेंडेंटिव्ह. वरची कड पूर्ण वर्तुळ, खालची टोकं चार खांबांवर. भार खांबांवर गेल्यामुळे मधल्या भिंती मोकळ्या करता येतात. इस्तंबूलच्या हागिया सोफियात (५३७) तेच केलं, पण घुमट खांबांना बाहेर ढकलतो. पूर्व-पश्चिमेला अर्धघुमटांचा टेकू होता, उत्तर-दक्षिणेला तसा नव्हता. भूकंपांनंतर ५५८ मध्ये घुमट कोसळला. नवा घुमट सुमारे २० फूट उंच केला, कारण उभट घुमट बाहेर कमी रेटतो.

आता गोल घुमट. मला ही या सगळ्यांतली सर्वांत हुशार युक्ती वाटते. आतली खोली सुमारे १३५ फूट चौरस. प्रत्येक भिंतीवर दोन ठिकाणांहून कमानी उठतात आणि लगतचं ठिकाण सोडून त्यापुढच्यावर उतरतात. आठ कमानी एकमेकींना छेदतात. वरून पाहिलं तर एकमेकांवर फिरवून ठेवलेले दोन चौकोन. त्यांच्यामधले वक्र भाग, म्हणजे एकमेकांत गुंतलेले पेंडेंटिव्ह, इतके आत झुकतात की वरचं गोल तोंड जेमतेम ९७ फुटांचं उरतं. घुमटाचा आतला व्यास मात्र सुमारे १२४ फूट! म्हणजे घुमट कडेवर नाही, मागे सरकून बसलाय, आणि उरलेल्या कठड्यावर आपण कुजबुज ऐकत फिरतो. आत झुकलेलं ते वजनदार बांधकाम आत ओढतं, घुमट बाहेर रेटतो, आणि दोन्ही एकमेकांना तोलून धरतात.

तिथे गेलात तर आधी खालीच, खोलीच्या मधोमध उभे राहून कोपऱ्याकडे वर बघा. कोपऱ्यावर आडवी कमान आणि तिच्यामागे खोलगट पोकळी दिसली तर तो स्क्विंच. टोक खाली असलेला सलग वक्र त्रिकोण दिसला तर पेंडेंटिव्ह. विजापुरात मात्र एक कमान पकडून तिचे दोन्ही पाय शोधा. ते शेजारशेजारच्या दोन भिंतींवर सापडतील आणि वाटेत ती दुसऱ्या कमानींना छेदून गेलेली दिसेल.