पंखा पाचवर की दोनवर?

“माझी पत्नी ४७ वर्षांची आहे, एका पतसंस्थेत कॅशियर. वर्षभर पाळी मागेपुढे होतेय. रात्री घामाघूम होऊन उठते, दिवसभर चिडचिड करते. आता २२ वर्षांची नोकरी सोडायची म्हणते. वयाचं आहे म्हणून सोडून द्यायचं, की मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं?”

राजीनाम्याचं तेवढं तीन महिने थांबवा, असं मी या गृहस्थांना सांगितलं आणि पुढच्या वेळी दोघांनी या म्हटलं. बाईंचं नाव बदलून माधवीताई म्हणते.

मी चिडचिडीबद्दल काही विचारलं नाही. रात्री नेमकं काय होतं, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, “छातीतून वर वाफ चढते. गाऊन भिजतो. मी पंखा पाचवर करते. पाच मिनिटांत हुडहुडी भरते, तोवर हे उठून पंखा दोनवर करतात. अर्ध्या तासाने परत तेच.” नवरा खाली मान घालून म्हणाला, “मला वाटायचं, मुद्दाम करते.”

मुद्दाम काहीच नव्हतं. पाळी थांबत येताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमीजास्त होऊ लागलं, की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र फार हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घाम सोडतं आणि घाम वाळताना थंडी वाजते. पाळी सलग बारा महिने आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. पण हा त्रास त्याआधीच्या काही वर्षांत सुरू होतो, म्हणून घरच्यांना त्याचा संबंध लागत नाही.

मी त्यांना तीन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. रात्री कितीदा जाग आली, अंदाजे किती झोप झाली आणि दुसऱ्या दिवशी कामावर काय घडलं, एवढंच लिहायचं. वही घेऊन आल्या तेव्हा पान त्यांनीच माझ्यापुढे सरकवलं. कॅश टॅली न झालेले दिवस चार होते, आणि चारही दिवसांच्या आदल्या रात्री झोप चार तासांच्या आत होती. कॅश कमी पडली की भरपाई कॅशियरच्या खिशातून. एकदा दोन हजार भरल्यावर ‘माझं डोकंच चालेनासं झालंय’ हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. राजीनामा तिथून आला होता.

तरीही सगळं रजोनिवृत्तीच्या माथी मारून चालत नाही. त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. थायरॉइड ठीक निघालं, पण पाळीत रक्तस्राव फार होत असल्याने हिमोग्लोबिन ९.२ वर आलं होतं. धाप आणि थकवा बराचसा त्याचाच होता. रक्तस्राव जास्त का होतो याची सोनोग्राफी झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. संप्रेरक उपचारांचीही चर्चा झाली. साठीच्या आतल्या बऱ्याच बायकांना ते मानवतात आणि गुणही येतो, पण स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर सहसा देत नाहीत. माधवीताईंनी आधी झोपेचं बघू म्हटलं. मानसोपचारतज्ज्ञांची गरज त्यांना नव्हती. सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसतं, जगणं नकोसं वाटत असतं, तर मी लगेच पाठवलं असतं.

घरात बदल साधे होते. दोघांची पांघरुणं वेगळी केली, रेग्युलेटर माधवीताईंच्या ताब्यात दिला. थंडी वाजली तर नवऱ्याने गोधडी घ्यायची. सकाळचे डबे मुलाने आणि नवऱ्याने वाटून घेतले, म्हणजे पहाटे लागलेली झोप साडेपाचच्या गजराने मोडत नाही. सासूबाई “आम्हाला नाही झालं असलं काही” म्हणायच्या. त्यांना त्यांच्या मुलानेच समजावलं, सुनेने नव्हे, आणि ते बरं झालं.

कामाच्या ठिकाणी गोष्ट अवघड होती. नोटा उडतात म्हणून कॅशच्या केबिनमध्ये पंखा लावत नाहीत, आणि कॅशियरला मधेच उठून जाता येत नाही. व्यवस्थापकांनी टेबल बदलून देऊ म्हटलं, तर त्या रडल्याच. एवढ्या वर्षांनी कॅश काढून घेतली, असं सगळे म्हणतील ही भीती. मग आम्ही बसून मागणी लिहिली. टेबलाखाली पायांवर वारा येईल असा छोटा पंखा, ड्रॉवरला कुलूप लावून ‘पाच मिनिटांत येते’ अशी पाटी ठेवायची मुभा, आणि तीन महिने दिवसअखेरची कॅश दुसऱ्या कुणी एकदा मोजायची. कारण म्हणून ‘उपचार चालू आहेत’ एवढंच सांगितलं. व्यवस्थापक पुरुष होते, रजोनिवृत्ती हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायचा की नाही हे ठरवणं माधवीताईंचं होतं. तिन्ही गोष्टी मिळाल्या.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११ वर गेलं होतं. रात्री अजून एकदा जाग येते. राजीनाम्याचा विषय मी काढला, तर म्हणाल्या, “ते राहू द्या. आधी सांगा, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा डाग दिसला तर?” बारा महिने उलटल्यावर एक थेंबही दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. नवऱ्याने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं.